कुमारिकांची रांग

दिवाळी सरली, की अमरावतीच्या बाहेरच्या रस्त्यांवर कापूस उडायला लागतो. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, ट्रॉल्यांवर जाळ्या ताणलेल्या असतात, आणि तरी कुठून तरी पुंजके सुटतातच. कडुलिंबावर, विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर ते अडकून बसतात. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपच्या खिडक्यांनाही चिकटतात. मी मुलांना लेथचं मशीन समजावत असते आणि माझं निम्मं लक्ष त्या खिडकीकडे असतं. नवरा म्हणतो, तुला दरवर्षी या दिवसांत काय होतं? मी म्हणते, सर्दी.

यंदा सर्दीचं कारण सांगायलाही जमलं नाही. ट्रॅक्टर सुरू झाले त्याच आठवड्यात वनिताचा फोन आला. वनिता माझी पॉलिटेक्निकातली मैत्रीण, अचलपूरजवळच्या एका गावात दिलेली. कित्येक वर्षांत तिचा फोन म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा आणि मुलांची लग्नं. या वेळी आवाज वेगळा होता.

"शोभे, संक्रांतीले माह्या घरी ये. हळदीकुंकू हाय. अन् मॅडमले घेऊन ये."

"मॅडमना?"

"हाव. म्हनावं वनितानं बोलावलं. येतीन त्या. मले मालूम हाय, येतीन."

आम्हा दोघींना शिकवणाऱ्या राऊत मॅडम भाद्रपदातच वारल्या होत्या. मला ते फोनवर सांगता आलं नाही. मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला, आणि मग बराच वेळ जाळीखालून सुटलेला तो कापूस बघत बसले.

आम्ही अकोल्याला एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होतो. दहावीनंतरची तीन वर्षं. वर्गभर मुलगे आणि कोपऱ्यातल्या एका बाकावर आम्ही दोघी. बाकीच्या मुली इलेक्ट्रॉनिक्सला होत्या, कारण ते "बसून करायचं काम" होतं. माझं घर अकोल्यातच, वडील रेल्वेत, त्यामुळे माझं कौतुक कुणाला नव्हतं. खरं नवल वनिताचं. ती हिवरखेडची, काळ्या जमिनीतली, घरचं बऱ्यापैकी शेत. विहिरीवरचं डिझेल इंजिन घरात तिच्याशिवाय कुणाकडूनही पहिल्या फटक्यात सुरू व्हायचं नाही. गड्यानं हॅंडल मारून मारून घाम गाळायचा आणि मग हाक मारायची, "वनेबाई, या जी जरा!"

प्रवेशाच्या दिवशी ती वडिलांबरोबर आली होती. खिडकीतल्या बाबूनं तिच्याकडे न बघता वडिलांना सांगितलं, "काका, पोरीला मेकॅनिकल काहून देता? लोखंड उचलाचं काम हाय ते." तिचे वडील गोंधळले. धोतराचा सोगा हातात धरून ते मागे वळणार, तेवढ्यात वर्कशॉपमधून एक बाई बाहेर आली. खाकी कोट, कोपरापर्यंत सरकवलेल्या बाह्या, दोन्ही हात काळे, आणि त्या काळ्या हातांनी नळ कसा उघडावा, हे ती बघत होती. वनिताच्या वडिलांनी नळ उघडून दिला.

"तुमी इथं काय करता जी, बाई?"

"शिकवते. यंत्रं शिकवते."

"पोट्ट्याईले?"

"जे येतील त्यांना. पोरी येत नाहीत, म्हणून पोट्ट्यांना."

वडील खिडकीकडे परत गेले आणि म्हणाले, "लिहा मेकॅनिकल. बाई शिकवते तं माही पोरगी काहून नाही शिकनार?" हे सगळं वनिता आम्हाला हजारदा सांगायची, बाबूच्या आवाजासकट. एका माणसाला एक बाई काम करताना दिसली आणि त्याची पोरगी कॉलेजात आली, इतकी साधी गोष्ट. भाषणं लागली नाहीत. मॅडमच्या हातांना फक्त त्या दिवशी वंगण लागलेलं असायला हवं होतं.

आज मुली पुष्कळ आहेत कॉलेजात. कंप्युटरच्या वर्गात तर मुलांपेक्षा जास्त गलबला त्यांचाच. पण वर्कशॉपच्या दारात उभं राहून पाहिलं, की मला अजून आमचा तो कोपरा दिसतो.

पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब असतो. लोखंडी पट्टी घ्यायची, खडू फासायचा, स्क्राइबरच्या टोकानं रेघा मारायच्या, हॅकसॉच्या करवतीनं कापायची आणि फाईल, म्हणजे कानस, मारून मारून ती काटकोनात आणायची. गुण्या लावून उजेडाकडे धरली, तर मधून उजेड दिसता कामा नये. आमचे वर्कशॉपचे रहमान सर भला माणूस. त्यांना आम्हा दोघींची दया यायची. "बेटा, तुम्ही बसा तिकडे पंख्याखाली, जर्नल लिहा. जॉब मी बनवून देतो." आणि खरंच देत. आमच्या हातात सुबक, चकचकीत जॉब आणि मुलांच्या हाताला फोड. आम्हाला मार्क मुलांपेक्षा जास्त. मुलं म्हणत, पोरींचं बरं असतं. आम्हालाही वाटायचं, बरं असतं.

प्रॅक्टिकलला पाच-पाच जणांचे गट. मशीनवर मुलं, वही आमच्याकडे. "अक्षर चांगलं आहे ना तुमचं, तुम्ही रीडिंग लिहा." वर्षभर रीडिंग लिहून मशीनला हात न लावता मुलगी पास होऊ शकत होती, नव्हे, तशीच होत होती. पुढे नोकरीसाठी गेल्यावर साहेब विचारतात, लेथ चालवलाय का? मग ती गप्प बसते, आणि साहेब म्हणतो, बघा, मुलींना येत नाही. कुणी दार लावून घेतलं नव्हतं. सगळ्यांनी आम्हाला फक्त खुर्ची दिली होती.

राऊत मॅडमनी ती खुर्ची उचलून नेली. अगदी खरीखुरी. आम्ही फिटिंगला गेलो, तर पंख्याखालची खुर्ची गायब. रहमान सर ओशाळून हसत होते. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचे उपकार आहेत, पण यांचे हात तुमच्याजवळ गहाण पडून राहिले. परत द्या."

पहिल्या दिवशी वनिताचं फाईलिंग बघून त्या थबकल्या. वनिता बुटकी. पट्टी पकडायचा टेबलावरचा व्हाइस तिच्या छातीशी येत होता आणि ती खांद्यानं जोर लावत होती. मॅडमनी तिच्याजवळ उभं राहून तिचं कोपर व्हाइसच्या वरच्या कडेला लावून पाहिलं. "कोपर अन् व्हाइस एका उंचीवर पाहिजे. हे टेबल पुरुषांच्या मापानं केलंय. तुझी ताकद कमी नाही, तू खड्ड्यात उभी आहेस." दुसऱ्या दिवशी सुताराकडून जाड फळ्यांचे दोन पाट आले. आम्ही त्यांवर उभ्या राहिलो. डावा पाय पुढे, फाईल पुढे जाताना दाब, मागे येताना दाब नाही. पोट्टे हसले. "पाटावर बसवलं का व, नवरीले?" मॅडमनी त्यांच्यातल्या एका बुटक्यालाही त्याच पाटावर उभं केलं, आणि हसू थांबलं. महिन्याभरात वनिताची पट्टी गुण्याला अशी टेकायची, की रहमान सर ती उजेडाकडे धरून दारात जायचे, खरंच उजेड येत नाही ना, हे बघायला. "माशाल्ला," म्हणायचे आणि पट्टी खिशात टाकून घेऊन जायचे, मुलांना दाखवायला.

बाकी अडचणी कुणाला सांगायच्या? वर्कशॉपच्या इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता. त्यामुळे वर्कशॉपच्या दिवशी आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही, आणि भट्टीजवळ उभं राहिलं की डोकं गरगरायचं. मॅडमही पीत नव्हत्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं. ओढणी मशीनमध्ये जाऊ नये म्हणून आम्ही ती कमरेला आवळायचो, तर बाहेरून जाणारे खिडकीशी रेंगाळायचे. मॅडमनी आम्हाला खाकी कोट शिवून घ्यायला लावले. शिंप्यानं वनिताच्या कोटाला हौसेनं चुन्या घातल्या होत्या. त्या मॅडमनी स्वतः उसवल्या आणि उसवताना इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं.

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. चाळिशीकडे झुकल्या होत्या. अकोल्यात भाड्याच्या दोन खोल्या, एक सायकल, खिडकीत तुळस. वनितानं एकदा धीर करून विचारलंच, तर म्हणाल्या, "राहून गेलं ग." भाजीत मीठ घालायचं राहिलं की जसं म्हणतात, तसं म्हणाल्या. आम्हाला त्यात काही कमी दिसलं नाही. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की एक बाई पगार घेते, लेथची चावी तिच्याजवळ असते आणि प्राचार्य तिला "मॅडम" म्हणतात.

वनिता म्हणायची, "शोभे, मी मॅडम होनार. अन् माह्या वर्कशॉपात पैले संडास बांधनार."

कापसाच्या दिवसांत ती चार-आठ दिवस गावी जायची. वेचणीला बाया कमी पडत. परत यायची ती बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून घेऊन. तशाच बोटांनी फाईल धरायची. एकदा मॅडम आम्हाला जिनिंग दाखवायला घेऊन गेल्या. जुनी जिनिंग होती. फार पूर्वी अमेरिकेत लढाई झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत इकडे यंत्रं यायला लागली, असं तिथला मुनीम सांगत होता. मॅडमचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ओळीनं जिन चालू होते, आणि प्रत्येक जिनसमोर एक बाई रोलरवर कापूस टाकत होती. डोक्याला फडकं, भुवयांवर कापूस, बाजूला लेकरू निजलेलं. मधून एक माणूस पाना घेऊन फिरत होता. जिन अडला की बाई बाजूला व्हायची, तो पाना फिरवायचा, बाई परत यायची.

"बघा," मॅडम आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "म्हणे मशीनजवळ बाईचं काय काम! पहिलं मशीन आलं तेव्हापासून बाई मशीनजवळच उभी आहे. फक्त पाना तिच्या हातात नाही."

वनितानं त्या पान्याकडे कसं पाहिलं, ते मला अजून आठवतं.

शेवटच्या वर्षी, वेचणी भरात असताना, तिला पाहायला पाहुणे आले. घर चांगलं, शेती चांगली, मुलगा शांत. पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि होणाऱ्या सासूनं तिचा हात हातात घेतला. "पाहू बेटा," म्हणत तळवा उलटा केला आणि अंगठ्यानं चाचपला. फाईलनं तळव्याच्या खालच्या बाजूला घट्टा पडलेला होता. बोटं वेचणीनं फाटली होती, त्याबद्दल त्या बाईला काही वाटलं नाही. ती स्वतः वेचणारीच होती. पण तो घट्टा तिच्या ओळखीचा नव्हता.

"हे कशाचं हाय व?"

"कानशीचं. लोखंड घासतो आमी कॉलेजात."

पसंती आली, पण अट घालून. लग्न वैशाखात, आणि कॉलेज आत्ताच बंद. शेवटची परीक्षा त्याच उन्हाळ्यात होती. थोडेच महिने उरले होते. तेवढे मिळाले तर डिप्लोमा हातात येणार होता, नाही तर तीन वर्षं पाण्यात. वनिताचे वडील मधल्यामध्ये अडकले होते. पोरगी हुशार, पाहुणे चांगले, आणि माय रोज रडते. वनितानं अकोल्याला येऊन मॅडमच्या खोलीत सगळं सांगितलं. तुळशीजवळच्या खिडकीत बसून त्यांनी ऐकलं.

"मी येऊ का घरी बोलायला?"

वनिताचा चेहरा उजळला. मग तिनं विचार करून दिवस सांगितला, आणि तो दिवस सांगताना ती अगदी खूष होती. "संक्रांतीले या मॅडम! आमच्या घरी हळदीकुंकू असते. माय खुशीत असते त्या दिवशी. गावातल्या साऱ्या बाया असतात. साऱ्याईले दिसू द्या तुमी!" तिला वाटलं, बापाला जशा दिसल्या आणि तो वळला, तशाच सगळ्यांना दिसतील आणि सगळं गाव वळेल.

मॅडम आणि मी एसटीनं अकोटवरून हिवरखेडला गेलो. मॅडमनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्यानं त्यांचे केस उडत होते. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी, अर्धी वेचलेली, अर्धी पांढरी. त्या गुणगुणत होत्या. वनिताचे वडील फाट्यावर घ्यायला आले. घरात खाट टाकली, चहा झाला, आणि मॅडमनी सरळ विषय काढला. लग्न मोडा असं त्या म्हणाल्याच नाहीत. लग्न करा, थाटात करा, फक्त परीक्षेला बसू द्या, पाहुण्यांशी मी बोलते. वडील मान डोलावत होते. "तुमी म्हनता तं बोलू आपन, मॅडम. मी जातो अचलपूरले." वनिता दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडे बघून डोळे मिटले. झालं, असं तिला वाटलं. मलाही.

मग बाया यायला लागल्या. उन्हं कलली होती. अंगणात सडा, ओसरीत पाट मांडलेले, सुगडं, बोरं, ऊस, गव्हाच्या ओंब्या. एका बाजूला सुवासिनींची रांग, दुसऱ्या बाजूला कुमारिकांची. सुवासिनींना हळदीकुंकू, ओटी आणि वाण. त्या वर्षी स्टीलच्या वाट्या होत्या. कुमारिकांना कुंकू, तिळगूळ आणि रिबीन. माय मॅडमना हाताला धरून आत घेऊन आली. "या जी, बसा." आणि मग तिला त्यांचा गळा दिसला. मोकळा गळा. सगळ्यांनाच दिसला. मायचं पाऊल सुवासिनींच्या रांगेकडे पडता पडता थांबलं.

"मॅडम... तुमचं... साहेब..?"

"लग्न नाही झालेलं माझं."

कुणी काही वाईट बोललं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला कुणावर रागवायला सोपं गेलं असतं. माय गोंधळली, एवढंच. ती रीत मोडणारी बाई नव्हती आणि पाहुण्याला उपाशी पाठवणारीही नव्हती. तिनं जागा शोधली आणि सापडली तिथं बसवलं. कुमारिकांच्या रांगेत, फ्रॉकवाल्या पोरींच्या मधे, माझ्या बाजूला. ओळीतल्या पोरींत सर्वांत मोठी मी, एकोणीसची, आणि माझ्या शेजारी मॅडम, केसांत पांढरी बट असलेल्या. पलीकडून कुणीतरी पदर तोंडाला लावला. एक छोटी पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तुमी एवढ्या मोठ्या, तं इकडे काहून बसल्या?" तिच्या आईनं तिला दटावलं. त्या दटावण्यानं जे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तेही आलं.

कुमारिकांना कुंकू लावायचं काम घरच्या लेकीचं. वनिता ताट घेऊन रांगेतून येत होती. मी तिचा हात पाहिला. पट्टीवर फाईल मारताना ज्या हाताला रहमान सर माशाल्ला म्हणायचे, त्याच हातानं ती एकेका पोरीला कुंकू लावत होती. माझ्या कपाळाला लावलं. मग मॅडमसमोर वाकली. मॅडमनी मान पुढे केली, शाळेतल्या पोरीसारखी. कुंकू जरा वाकडं लागलं. मग तिनं ताटातली लाल रिबीन उचलली. सगळ्या पोरींना तीच होती. ती मॅडमच्या हातात ठेवली.

"वा, छान रंग आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ती रिबीन बोटाभोवती गुंडाळली आणि शेजारच्या छोटीला विचारलं, "तुझी वेणी घालू का मी?" आणि खरंच घालायला बसल्या. पाठ ताठ, हात चालू. बाकी कुणाला कळलं नसेल, पण मी बाजूला होते. घातलेली वेणी त्यांनी दोनदा सोडून पुन्हा घातली.

निघताना माय ओसरीच्या पायरीवर आली. तिनं मॅडमचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मॅडम, तुमी लय मोठ्या. लय शिकेल. पन माही पोरगी तुमच्यासारखी होऊन बसली तं म्या काय करावं? तिले कोन्त्या रांगेत बसवू म्या?"

मला वाटलं मॅडम उत्तर देतील. वर्गात त्या कधी कुणाला गप्प बसू देत नसत. पण त्या म्हणाल्या, "माझ्यासारखी नका होऊ देऊ, ताई. माझ्यासारखी नको. फक्त परीक्षेला बसू द्या."

वनिता मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं. मला वाटतं, रिबीन नाही, रांग नाही, हे वाक्य तिला लागलं. तिनं जिच्याकडे बघून पाय उचलला होता, ती बाई स्वतःच्याच तोंडानं म्हणत होती, माझ्यासारखी नको.

शेवटची एसटी यायची होती. वडील फाट्यावर आमच्याबरोबर उभे होते आणि म्हणत होते, "मी उद्याच जातो अचलपूरले. पोरगी परीक्षा देईन." वनिता मला बाभळीकडे ओढून घेऊन गेली.

"मी नाही येत, शोभे."

"अगं, बाबा तयार आहेत!"

"बाबा नाही, मीच नाही येत. म्या बोलावलं त्याईले. म्या म्हनलं, साऱ्याईले दिसू द्या. अन् माह्या घरी, माह्या हातानं रिबीन देली म्या त्याईले." तिला हुंदका आवरेना. "आता वर्कशॉपात त्याईच्यापुढे उभी नाही राहू शकत मी. अन् खरं सांगू? मले त्या रांगेत नाही बसायचं. भेव वाटते मले."

मी खूप बोलले. काय बोलले, ते आठवत नाही. एसटी आली. मॅडम खिडकीशी बसल्या. काळोखात पऱ्हाटीवर उरलेलं पांढरं तेवढं दिसत होतं. अकोट आलं. मग एकदम म्हणाल्या, "कुंकू वाकडं लागलंय का ग?" मी हो म्हटलं. त्यांनी ते पुसलं नाही.

वनिता परत आली नाही. तिचा पाट वर्कशॉपात माझ्या पाटाशेजारी तसाच पडून होता. पहिले काही दिवस मॅडम तो ओलांडून जायच्या, मग त्यांनी तो भिंतीला उभा केला. रहमान सर एकदा तिची पट्टी घेऊन आले, उजेडाकडे धरली आणि कपाटात ठेवून दिली. ती लाल रिबीन मॅडमनी हत्यारांच्या कपाटाच्या चावीला बांधली. वर्षानुवर्षं होती. मळून काळी झाली तरी होती. त्या निवृत्त झाल्यावर तिचं काय झालं, मला माहीत नाही.

एकाच्याच अंगावर सगळं येतं, याचं मला आता फार दुःख होतं. आमच्या कॉलेजात पुरुष मास्तर पुष्कळ होते. त्यांतला एक दारू प्यायचा, एकाची बायको माहेरी गेलेली, एक सदा कर्जात. म्हणून कुणी आपल्या पोराला इंजिनीअर व्हायचं थांबवलं नाही. बाई एकच होती, म्हणून तिचं जेवण, तिची सायकल, तिचा मोकळा गळा, सगळंच शिक्षणाच्या खात्यावर मांडलं गेलं. त्यांच्यासारख्या दहा असत्या, एक लग्नाची, एक बिनलग्नाची, एक भांडकुदळ, एक चार लेकरांची, तर वनिताच्या मायला एकाच बाईकडे बघून घाबरायची पाळी आली नसती.

मी शिक्षिका झाले, लग्न केलं, अमरावतीला आले. आजही कुठली तरी मुलगी मधेच सोडून जायला निघते. धामणगावकडची, दर्यापूरकडची. मी तिच्या घरी जाते. जाताना आरशासमोर उभी राहते आणि मंगळसूत्र पदरावर काढते, ठसठशीत दिसेलसं. सासूबाईंचं नाव दोनदा घेते, मुलांचे फोटो दाखवते. मग घरचे ऐकतात. लेथ, डिप्लोमा, नोकरी यांबद्दल मी काहीही सांगितलं तरी चालतं. त्यांचं समाधान काळ्या मण्यांनी झालेलं असतं. मॅडमना मी हे एकदा चिडून सांगितलं होतं. त्या आजारी होत्या, खाटेवर पडून होत्या. हसल्या. "चालतंय ना? चालव मग. पोरी येऊ दे." मग भिंतीकडे वळून म्हणाल्या, "वनिताचं काही कळलं का?" हा प्रश्न त्या मला प्रत्येक भेटीत विचारायच्या. मी दर वेळी सांगायचे, बरी आहे. एकदा म्हणाल्या, "तिला म्हणावं, रिबिनीचं मनावर घेऊ नको. मला लाल रंग आवडतो." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, "ती बोलावेल तेव्हा."

तर यंदा तिनं बोलावलं.

संक्रांतीला मी एकटीच गेले. वनिताचं घर चांगलं, ऐसपैस, अंगणात ट्रॉली उभी, ट्रॉलीच्या कडेला कापूस चिकटलेला. वनिता जाड झाली आहे, केस पांढरे. मला बघून धावत आली आणि माझ्या मागे, गाडीकडे बघायला लागली. गाडीचं दार बंद होतं तरी बघत राहिली.

"मॅडम?"

मी सांगितलं. भाद्रपदात. झोपेत. त्रास झाला नाही. आणि रिबिनीचा निरोप सांगितला.

ती पायरीवर बसली. पदराला चिकटलेला कापसाचा पुंजका काढला आणि चोळत बसली. मग म्हणाली, "मी दरसाल मनाशी म्हनत होतो, यंदा बोलावतो. लाज वाटे. सासू होती तोवर घरात रीत तिची. दोन साल झाले सासू गेली, अन् मी सारं बदलवलं. मले त्याईले हे दाखवाचं होतं."

"काय दाखवायचं होतं?"

तिनं हात धरून मला आत नेलं. ओसरीत एकच रांग होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाट, एकाला एक लागून. बसलेल्या बायांत नव्या सुना होत्या, शाळेतल्या पोरी होत्या, कपाळ मोकळं असलेल्या दोघी-तिघी होत्या, नवऱ्यानं टाकलेली एक होती. सगळ्यांपुढे सारखंच ताट, सारखीच वाटी. नर्सिंगला जाणारी एक पोरगी आपल्या विधवा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून बसली होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वनितानं डोळे पुसले, ताट उचललं आणि कुंकू लावायला सुरुवात केली. एकही कुंकू वाकडं लागत नव्हतं. मी रांगेत माझी जागा शोधत होते. सगळ्यात पुढे, दाराजवळ, उजेडाच्या बाजूला एक पाट मोकळा दिसला, म्हणून मी तिकडे गेले. त्यावर नवी लाल रिबीन ठेवली होती.

मी बसणार, तोच वनिता वळून म्हणाली, "तिथं नको शोभे. तिथं मॅडम बसनार होत्या."